माहेर कोणत्या दिशेला?

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाकडे एक काम हटकून येते. आषाढी किंवा कार्तिकीच्या सुमारास मंडळात अभंगगायनाचा कार्यक्रम ठरतो. निमंत्रितांत तामिळ, बंगाली, पंजाबी सहकारी असतात. क्वचित एखादा परदेशी अभ्यासकही असतो. मग कोणीतरी सुचवितो की, प्रत्येक अभंगापूर्वी त्याचा इंग्रजी अर्थ आणि दोन वाक्यांची टीप वाचून दाखविली तर बरे होईल. कचेरीत मसुदे लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला हे काम प्रथम सोपे वाटते. शब्दांचे अर्थ त्याला ठाऊक असतात आणि इंग्रजीही हाताखालची असते. अडचण येते ती प्रतिमेपाशी. शब्दाचा अर्थ बरोबर उतरला, तरी श्रोत्याच्या मनात प्रतिमा उलटी उभी राहू शकते, आणि मग भाषांतरातला प्रत्येक शब्द अचूक असूनही अभंग चुकतो. हा प्रकार नीट पाहण्यासाठी संतवाङ्मयातला एकच शब्द पुरेसा आहे. तो शब्द म्हणजे माहेर.

त्या शब्दाकडे वळण्यापूर्वी या उद्योगाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६७ साली लंडनच्या 'फोर्टनाइटली रिव्ह्यू' या नियतकालिकात तुकोबांवर एक दीर्घ लेख लिहिला. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे भाष्यकार म्हणून ख्याती मिळविलेल्या या गृहस्थांनी देहूच्या वाण्याची ओळख इंग्रजी वाचकाला करून द्यावी, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. त्याच सुमारास सरकारने २४,००० रुपयांचे साहाय्य दिले आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली तुकारामगाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंडांत निघाली. तिला जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी लिहिलेले तुकोबांचे इंग्रजी चरित्र जोडलेले होते. गाथा मराठीत आणि प्रस्तावनेतले चरित्र इंग्रजीत, या मांडणीतच परक्या वाचकासाठी टीप देण्याची गरज मान्य झालेली दिसते.

पुढे जे. नेल्सन फ्रेझर आणि के. बी. मराठे यांनी १९०९ ते १९१५ या काळात तुकोबांच्या अभंगांचे इंग्रजी गद्य भाषांतर तीन खंडांत प्रसिद्ध केले. निकल मॅकनिकल या स्कॉटिश मिशनऱ्यांनी १९१९ मध्ये ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंतचे १०८ अभंग निवडून त्यांना इंग्रजी छंदाचा व यमकाचा वेष दिला. या पुस्तकाच्या नावातच त्यांनी 'साम्स' हा शब्द घातला. साम म्हणजे बायबलातील स्तोत्र. अशा रीतीने एकही टीप वाचण्यापूर्वी वाचकाला सांगून टाकले गेले की, ही आपल्या ओळखीची वस्तू आहे. हे एक प्रकारे उपकारकच होते. परंतु साम वाचण्याची सवय असलेल्या मनात देव मुख्यतः राजा, मेंढपाळ किंवा दुर्ग या रूपांनी येतो. कमरेवर हात ठेवून विटेवर उभा असलेला आणि 'माउली' म्हणून हाक घेणारा देव त्या चौकटीत सहज बसत नाही. १९९१ मध्ये दिलीप चित्रे यांनी केलेल्या तुकोबांच्या भाषांतराने छंद व यमक टाकून बोलीचा सूर धरला. त्याचे नावच 'सेज तुका' असे होते. म्हणजे स्तोत्राची चौकट काढून तेथे कवीची नाममुद्रा बसविली गेली.

ही सर्व भाषांतरे वाचकासाठी होती. वाचकाला पान उलटता येते, तळटीप पाहून पुन्हा ओळीकडे जाता येते. श्रोत्याला ही सोय नाही. त्याला जे सांगायचे ते गाणे सुरू होण्यापूर्वी सांगावे लागते, आणि ते तंबोरे जुळेपर्यंतच्या वेळात बसवावे लागते. इंग्रजीतले चाळीस-पन्नास शब्द सावकाश वाचले तर वीस-पंचवीस सेकंद लागतात. श्रोते तेवढे लक्षात ठेवतात. त्याहून अधिक झाले की टिपेचे व्याख्यान होते. त्यामुळे प्रश्न असा उरतो की, त्या पन्नास शब्दांत काय सांगावे?

उदाहरण म्हणून तुकोबांचा सर्वपरिचित विरहाचा अभंग घेऊ. त्यात केशवाच्या भेटीची तळमळ तीन चित्रांनी सांगितली आहे. पहिल्यात सासरी निघालेली मुलगी मागे वळून पाहते, दुसऱ्यात आईपासून चुकलेले मूल तिला शोधते आणि तिसऱ्यात पाण्याबाहेर पडलेली मासोळी तळमळते. छंद लहान अभंगाचा. आठ-आठ अक्षरांचे चरण. भाषा इतकी सोपी की मराठी मुलाला एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही. इंग्रजी करणाऱ्याला म्हणूनच वाटते की, टीप हवी असेल तर ती केवळ केशव या नावापुरती.

आता हाच अर्थ शब्दशः इंग्रजीत ऐकणाऱ्याच्या मनात काय होते ते पाहावे. पहिले चित्र ऐकताच त्याला 'ब्राइड' आठवते, आणि वधू म्हटली की ख्रिस्ती भक्तिपरंपरेतला फार जुना संकेत जागा होतो. बायबलातील 'गीतरत्न' या प्रेमकाव्याचा अर्थ चर्चने शतकानुशतके आत्मा-वधू आणि ईश्वर-वर असा लावला आहे. या संकेताने श्रोता ठरवतो की, मुलगी ज्या घरी चालली आहे ते घर देवाचे. मग ती मागे का पाहते? संसाराचा मोह सुटत नाही म्हणून! त्यात भर म्हणजे, मागे वळून पाहणे ही क्रियाच बायबल वाचणाऱ्याच्या कानाला अशुभ आहे. जळत्या नगराकडे मागे वळून पाहिल्याबद्दल लोटाच्या बायकोचा मिठाचा खांब झाला, ही कथा तो लहानपणापासून जाणतो. तात्पर्य, तुकोबांनी जेथे भक्तीचे परम व्याकूळ रूप दाखविले, तेथे या श्रोत्याला भक्तीतला कच्चेपणा दिसतो. भाषांतरात एकही शब्द चुकलेला नाही. फक्त देव चुकीच्या घरात जाऊन बसला आहे.

मराठी श्रोत्याला देव कोणत्या घरी आहे हे सांगावे लागत नाही. वारकरी परंपरेत पंढरी हे माहेर आहे आणि विठ्ठल ही आई. माहेर हा शब्दच मातृगृहापासून आलेला. त्यात आईचे घर आधीच आहे. संसार हे सासर. तेथे राहायचे, काम करायचे, बोल ऐकायचे. आणि पंचमी-दिवाळीची वाट पाहायची. माहेराहून न्यायला येणाऱ्या माणसाला 'मूळ' म्हणतात. तुकोबांच्या अभंगांत हे मूळ येण्याची वाट पाहणे वारंवार येते; प्रकृतीमुळे वारीला जाता आले नाही, तेव्हा त्यांनी वारकऱ्यांबरोबर देवाला पाठविलेल्या पत्राचे अभंग तर याच भावनेवर उभे आहेत. नवशिक्या भाषांतरकाराने येथे मूळ म्हणजे 'रूट' असे लिहिले, तर त्याला दोष देता येणार नाही. शब्दाचा रोजचा अर्थ तोच आहे.

येथवरची अडचण इंग्रज श्रोत्याची झाली. परंतु आपल्या मंडळांतले पाहुणे बहुधा भारतीयच असतात, आणि त्यांना टिपेची गरज नाही असे आपण गृहीत धरतो. उत्तर हिंदुस्थानात नेमणूक असलेल्यांनी या बाबतीत विशेष सावध राहावे. हिंदी प्रदेशातल्या श्रोत्याला माहेर कळते. तो त्याला मायका किंवा नैहर म्हणतो. परंतु तेथील संतकाव्यात नैहराची दिशा पुष्कळदा उलटी असते. कुमार गंधर्वांनी गायिलेले कबीराच्या नावावरचे प्रसिद्ध पद आठवावे. त्यात जीवाला नैहर नकोसे झाले आहे आणि त्याची ओढ स्वामीच्या नगरीकडे आहे. नैहर म्हणजे हे जग आणि सासर म्हणजे प्रियतम परमेश्वराचे घर. लखनौचे राज्य गेल्यावर १८५६ मध्ये वाजिद अली शाह शहर सोडून निघाले, त्या प्रसंगाशी जोडली जाणारी ठुमरीही नैहर सुटल्याचेच दुःख सांगते. तिच्यातली चार कहारांची डोली ऐकणाऱ्याला चार खांद्यांवरची तिरडीही आठवून देते. १९३८ च्या 'स्ट्रीट सिंगर' चित्रपटात सैगल यांनी ती गायिली आणि ती देशभर पोहोचली. अशा श्रोत्याने तुकोबांची मुलगी वळून पाहताना ऐकली, तर तोही देवाला पुढच्या घरी शोधणार.

इंग्रजी वाचकाचाही कबीराशी परिचय आधी झालेला असतो. रवींद्रनाथांनी केलेली कबीराच्या शंभर पदांची इंग्रजी भाषांतरे १९१४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांमागे क्षितिमोहन सेन यांचा संग्रह होता आणि भाषांतराच्या कामात एव्हलिन अंडरहिल या ख्रिस्ती गूढवादाच्या अभ्यासक बाईंचे साहाय्य होते. भारतीय भक्तीचे चित्र पाश्चात्त्य वाचकाच्या मनात बऱ्याच अंशी या पुस्तकाने घडविले. वधू आणि वर हा संकेत त्यामुळे दोन्ही बाजूंनी पक्का झाला.

दिशेचा हा फरक का पडला असावा? याचे उत्तर धर्मग्रंथापेक्षा नातेव्यवस्थेत अधिक सापडते, असे मला वाटते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात उत्तर आणि दक्षिण यांची तुलना केली आहे. उत्तरेत मुलगी परगावी, अनोळखी कुळात देण्याची रीत. दक्षिणेत मामाकडे, आतेकडे, म्हणजे नात्यातच देण्याची रीत. आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये, जेथे अनेक जातींत मामाची मुलगी करणे चालते. जेथे मुलगी दूर जाते तेथे विदाई हाच मोठा क्षण ठरतो, आणि तो मृत्यूचे रूपक होऊ शकतो. जेथे माहेर वर्षाकाठी एकदा तरी गाठता येते, तेथे ते परत जाण्याचे ठिकाण राहते. वारीही वर्षाकाठी येते. वारकरी जातो, भेटतो आणि परत संसारात येतो. माहेरवाशीण नेमके हेच करते. वारीचा फेरा आणि माहेरपणाचा फेरा यांचा हा मेळ लक्षात घेतला, म्हणजे ही प्रतिमा या भूमीत इतकी का रुजली हे उमजते. मद्रासकडच्या श्रोत्याला ती त्यामानाने लवकर पोहोचते. तेथेही पहिल्या बाळंतपणाला मुलगी आईच्या घरीच जाते. शिवाय तंजावरच्या मराठी राज्यापासून तामिळ भजनपरंपरेत मराठी अभंग गायिले जात आहेत, त्यामुळे विठ्ठल तेथे परका नाही.

आता टीप लिहू. पहिला मसुदा बहुधा असा होतो: तुकाराम हे सतराव्या शतकातील संत, केशव हे विष्णूचे नाव, पंढरपूर हे भीमेकाठचे क्षेत्र, अभंग हा छंद. माहिती सर्व खरी. परंतु ती ऐकून श्रोता देवाला जेथे बसवायचा तेथेच बसवितो. दुसऱ्या मसुद्यात माहेराचे स्पष्टीकरण येते: विवाहित स्त्रीचे आईवडिलांचे घर. हाही कोशातला अर्थ झाला. त्यात ओढ नाही आणि दिशाही नाही. तिसरा मसुदा तीन वाक्यांचा असावा. बालवयात लग्न झालेली मुलगी आईचे घर सोडून सासरी चालली आहे. या कवींच्या दृष्टीने आईचे घर म्हणजे देव, आणि ती जेथे चालली आहे ते घर म्हणजे आपला रोजचा संसार. म्हणून ती मागे वळते तेव्हा ती देवाकडेच पाहत असते. हे इंग्रजीत पन्नास शब्दांच्या आसपास बसते. तुकोबांचा काळ, छंदाचे नाव, पंढरपूरचा जिल्हा हे सारे छापील कार्यक्रमपत्रिकेत देता येते.

टीप एवढे काम करते, तर काही काम ओळीतच करून टाकावे. 'मागे पाहते' एवढेच न म्हणता 'आईच्या दाराकडे वळून वळून पाहते' असे केले, की लोटाच्या बायकोची सावली पुसली जाते. कारण पाहण्याला कर्म मिळते. 'फादर्स हाउस' हा शब्दप्रयोग कटाक्षाने टाळावा. इंग्रजीत तो स्वाभाविक वाटतो, परंतु त्याने बायबलातला स्वर्ग आणि उधळ्या पुत्राची कथा दोन्ही आत येतात. 'मदर्स हाउस' कानाला थोडे अनोळखी वाटते. येथे ते तसे वाटणेच उपयोगाचे आहे, कारण त्यामुळे श्रोता थांबतो. मासोळीच्या चित्रात निराळाच धोका आहे. 'पाण्याबाहेरचा मासा' असे इंग्रजीत म्हटले की, परक्या मंडळीत अवघडून बसलेल्या माणसाची आठवण होते आणि सभागृहात एखादे स्मित उमटते. म्हणून मासोळी काठावर फेकली गेली आहे आणि श्वासासाठी धडपडते आहे, असे सांगावे. मूळ चरणात पाण्यासाठी 'जीवन' हा शब्द आहे. त्यात पाणी आणि प्राण हे दोन्ही अर्थ एका वेळी आहेत. हा श्लेष इंग्रजीत येत नाही. त्यासाठी दुसरी टीप लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. एका अभंगाला एकच टीप, आणि ती ज्या प्रतिमेवाचून अर्थ उलटतो तिच्यासाठी. श्लेष हुकला तर सौंदर्य उणे होते. दिशा हुकली तर अर्थच जातो. आईला शोधणाऱ्या मुलाच्या चित्राला टीप अजिबात लागत नाही. ते प्रत्येक देशातल्या श्रोत्याला आपोआप कळते.

दुसरे उदाहरण एकनाथांच्या अभंगाचे. पंढरी हे आपले माहेर असे सांगून नाथ त्या घरातली माणसे एकेक करून मोजतात: विठ्ठल-रखुमाई आईबाप, पुंडलिक भाऊ, चंद्रभागा बहीण. भीमसेन जोशी यांच्या कंठातून हा अभंग महाराष्ट्राबाहेर सर्वदूर गेला आहे. येथे दिशा उघड आहे. अडचण नावांची आहे. चंद्रभागा ही नदी आहे, पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखी वळण घेणारी भीमाच ती, हे ठाऊक नसलेला श्रोता तिला एखादी स्त्री समजतो. अशा ठिकाणी टीप नको. 'चंद्रभागा नदी माझी बहीण' असे भाषांतरातच म्हणावे. एक शब्द वाढतो आणि एक टीप वाचते. पुंडलिकाचे मात्र एका शब्दात भागत नाही. आईबापांच्या सेवेत असताना त्याने देवापुढे वीट टाकली आणि देव तिच्यावर तिष्ठत उभा राहिला, ही कथा सांगावीच लागते. कारण तिच्यामुळेच देव पंढरीत थांबला आणि तिच्यामुळेच माहेर झाले. माहेरी नेणारा भाऊ असतो, हा संसारातला अनुभव येथे पुंडलिकाच्या वाट्याला आला आहे. शिवाय हे सर्व बोलणारा पैठणचा एक गृहस्थ पुरुष आहे, हे परक्या श्रोत्याला सांगितले पाहिजे. नाही तर तो गाणे एखाद्या कवयित्रीचे समजतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. माहेराची टीप एकदा हाती लागली की, ती प्रत्येक अभंगाला लावण्याची सवय जडते. ज्ञानदेवांच्या विरहिणींत देव आईच्या घरी नसतो. तेथे तो दूर राहिलेला प्रियकर असतो, आणि गौळणींत तो वाट अडविणारा कृष्ण असतो. मराठी संतांना देव म्हणजे नेहमी माहेर, असे विधान केले तर पुढच्याच अभंगाला ते खोटे पडते. म्हणून टीप परंपरेविषयी नसावी. समोरच्या अभंगाविषयी असावी. तसेच टिपेने वेदान्त सांगू नये. जीव आणि शिव यांचे ऐक्य सांगून झाले की मुलगी, आई, दार सारे रूपक म्हणून विरून जाते आणि गायकाला गाण्यासारखे काही उरत नाही.

टीप साधली की नाही हे कळण्याचा एक सोपा मार्ग आहे. कार्यक्रमापूर्वी भाषांतर आणि टीप एखाद्या अमराठी सहकाऱ्याला एकदाच, न थांबता वाचून दाखवावी, आणि मग त्याला तीन प्रश्न विचारावेत: कोण निघाले आहे, कोठून निघाले आहे, आणि देव कोणत्या घरी आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेकांना येतात. तिसऱ्याचे उत्तर 'ती जेथे चालली आहे तेथे' असे आले, तर टीप कितीही विद्वत्तापूर्ण असली तरी फाडून पुन्हा लिहावी. उत्तर 'ती जेथे पाहते आहे तेथे' असे आले, तर तंबोरे जुळवायला हरकत नाही.